सरीत काय, सरींच्या मध्ये काय

पोरी, लुकबुकचं पहिलं पान लिहायला बसशील त्याआधी कलेक्शनमधल्या प्रत्येक कापडाचा वीतभर तुकडा काप आणि भिजव. पिळून पंख्याखाली वाळत घाल. अर्धवट वाळला की मनगटावर ठेवून बघ, पुरता वाळला की मुठीत चुरगाळून बघ. मग वही उघड. पावसाळी कपड्यांबद्दल लिहिण्यासारखं जे खरं असतं ते ओल्या तुकड्यात सापडतं. कोऱ्या ठाणाकडे बघत लिहिलं की ‘हलकंफुलकं’, ‘मऊसूत’, ‘तरल’ एवढीच विशेषणं सुचतात, आणि ती दिवाळीच्या कलेक्शनलाही तशीच चालतात.

तुझा मसुदा वाचला. मातीचा गंध, हिरवा शालू, धरतीचं नटणं, सगळं आहे त्यात. फक्त भिलाई नाही. ही भाषा कोकण-सह्याद्रीच्या पावसाची. शाळेच्या पुस्तकांतून ती आपल्याकडे आली आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपण पाऊस म्हटलं की तीच वापरतो. आपला पाऊस निराळा. मे महिना 44-45 अंशांवर भाजून काढतो, जूनच्या मध्याच्या आसपास पहिल्या सरी येतात. पुढे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-तीन दिवस झड लागते, आणि ती ओसरली की ऊन पडून रस्त्यातून वाफा निघायला लागतात. त्या उकाड्याला आपण घरातही सरळ ‘उमस’च म्हणतो. तुझी गिऱ्हाईक पावसाने भिजते त्याहून जास्त या उमसमध्ये घामाने भिजते. म्हणून तुझ्या पानाचा मूड झडीचा न ठेवता उघडिपीचा ठेव.

मूड लिहायचा म्हणजे भावना लिहायच्या नाहीत. एक वेळ आणि एक जागा पक्की करायची. मी तुझ्या जागी असते तर दुपारी चारचा सुमार धरला असता: सर थांबलेली, आभाळ अजून भरलेलं, सेक्टरमधल्या क्वार्टरचा व्हरांडा. अशी वेळ धरली की रंगांचे शब्दही तीच ठरवते. ढगाळ उजेडात फिकट लिंबू रंग मरतो, धुरकट गुलाबी राखेसारखा दिसतो, आणि कोशाचा मधासारखा अंगचा रंग मात्र उबदार होतो. ट्यूबलाइटखाली बघून रंगाचं वर्णन लिहू नकोस. फोटो ज्या उजेडात काढणार त्याच उजेडात कापड धर आणि तिथे उभी राहून शब्द शोध, नाहीतर पान एक रंग सांगेल आणि समोरचा फोटो दुसरा.

आता कापड. तुझ्या कलेक्शनमध्ये मलमल आहे, कोसा आहे आणि बस्तरचं पाटा आहे. तिघांबद्दल एकाच सुरात लिहिलंस तर तिघांवरही अन्याय होईल.

मलमलीचं आधी. सुती धागा भिजला की कमकुवत होत नाही, उलट थोडा बळकट होतो. म्हणून रोज भिजणाऱ्या, रोज धुतल्या जाणाऱ्या कपड्याला सूतच हवं. विरळ विणीची मलमल पंख्याखालीही लवकर वाळते. पण तिची एक खोड आहे आणि ती लपवायची नाही. भिजली की ती पारदर्शक होते, कारण धाग्यांमधल्या फटींत हवेऐवजी पाणी भरतं आणि प्रकाश विखुरण्याऐवजी आरपार जातो. शिवाय ती अंगाला चिकटते. तू पुढच्या-मागच्या भागाला मलमलीचंच अस्तर दिलंयस आणि बाह्या मोकळ्या सोडल्यास. हे काम तू विचार करून केलं आहेस, मग पानावर ते यायला नको? ‘मलमलीचा तलम स्पर्श’ लिहिण्यापेक्षा ‘दुहेरी मलमल, बाह्या मात्र एकेरी’ लिही. शिवणकाम जाणणारी बाई तेवढ्यावरून सगळं ओळखेल, आणि न जाणणारीलाही चित्र दिसेल.

कोशाचं उलटं आहे. रेशीम भिजलं की त्याची ताकद कमी होते. त्यात कोशावर पावसाचे चार थेंब पडले की वाळताना त्यांच्या कडा उमटतात आणि डाग दिसतात. साडी असो की जॅकेट, हे होतंच. म्हणून कोशाबद्दल ‘पावसात भिजण्यासाठी’ असा शब्द चुकूनही जाऊ देऊ नकोस. पण म्हणून कोसा पावसाळ्यातून बाद होत नाही. आपल्याकडे हरेली, पोळा, तीजा हे सगळे सण याच दिवसांत येतात. तीजेला माहेरी आलेल्या लेकीला साडी द्यायची छत्तीसगडी रीत आहे. कोशाची जागा ती. सरीत मलमल, सरींच्या मधल्या वेळेत कोसा. एवढी वाटणी पानावर स्पष्ट दिसली की वाचणारीला कलेक्शनचा सगळा हिशेब कळतो.

कोशाबद्दल आणखी एक, आणि इथे मी कडक आहे. चांपा-रायगडकडचे देवांगन विणकर कोसा विणतात. साजा आणि अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या किड्यांच्या कोशांपासून हा धागा निघतो. हे वाचायला सुंदर वाटतं म्हणून सगळे लुकबुकवाले लिहितात. पण बऱ्याच मागांवर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, परदेशी टसर सूत लावतात, कारण ते एकसारखं असतं आणि तुटत नाही. गावचं सूत आडव्या धाग्यालाच येतं. त्यात कमीपणा काही नाही. तू विणकराला विचार: ताणा कुठला, बाणा कुठला. उत्तर मिळालं तर लिही. नाही मिळालं तर जंगल, झाडं, किडे यांच्यावरचा परिच्छेद सोडून दे आणि हाताला जे लागतं तेवढंच लिही: आडव्या धाग्यातला जाड-बारीकपणा, त्यामुळे येणारा खरबरीतपणा, उजेडात वळवलं की बदलणारी चमक. तसंच ‘हातमाग’ हा शब्द. कापड यंत्रमागाचं असेल तर तो शब्द पानावर येता कामा नये. हातमागाच्या खऱ्या मालासाठी 2006 पासून सरकारी हँडलूम मार्क आहे. जाणती गिऱ्हाईक तो मागते.

पाटाबद्दल दोन ओळी पुरेत. पनिका विणकरांचं ते जाड सुती कापड, आलच्या मुळीने रंगवलेला तपकिरी-लाल काठ. जाड असल्यामुळे ते वाळायला वेळ लावतं, म्हणून तू ते फक्त योकला आणि खिशांना लावलंस. कारणासकट लिही.

आकाराचं वर्णन हा भाग बहुतेकींना जमत नाही. ‘सैलसर’, ‘ओघवता’, ‘आधुनिक कट’ असे शब्द येतात आणि डोळ्यांपुढे काहीच येत नाही. माझी रीत साधी आहे. कापड अंगाला कुठे टेकतं, कुठे सुटतं आणि कुठे थांबतं, हे वरून खाली सांगत जायचं. तुझा कळीदार कुर्ता खांद्यावर बसतो, मुंढ्यापाशी बोटभर जास्त सैल आहे म्हणजे घामाने बाही अडकत नाही, छातीखालून कळ्या उघडत जातात आणि पोटरीच्या मध्यावर तो संपतो. तिथेच का? चपलेने उडालेला चिखल पोटरीच्या मागच्या बाजूला, घोट्याकडे जास्त बसतो. घोट्यापर्यंतचा घेर पहिल्याच दिवशी काठाला लाल होईल.

पण ‘पोटरीच्या मध्यावर’ हे दोन शब्द लिहिलेस की ते पाळायची जबाबदारी आली. हिशेब करून बघ. कुर्त्याची उंची 45 इंच. न भिजवता बेतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात 4 टक्के आटलं तरी पावणेदोन इंचांहून जास्त गेले. मग तो पोटरीच्या मध्यावर राहत नाही, गुडघ्याकडे सरकतो, आणि गिऱ्हाईक म्हणते, फोटोत निराळा होता. म्हणून बेतण्याआधी ठाण भिजवून वाळवायचं. आणि जो एक ड्रेस तिरप्या कापडावर बेतलायस तो शिवून झाला की रात्रभर हँगरला लटकू दे, मगच खालची पट्टी घाल. दमट हवेत तिरपं कापड स्वतःच्या वजनाने उतरतं आणि घेर एका बाजूला लोंबतो. हे झाल्यावरच त्याच्या उंचीबद्दल लिही.

इतकं सगळं हाताशी आलं की पान फार मोठं लागत नाही. शंभराच्या आत शब्द पुरे. मी तुझ्याच कपड्यांवरून एक लिहून बघितलं:

‘सर थांबली आहे, आभाळ अजून उतरलेलं आहे. व्हरांड्यात वारा नाही. या वेळेसाठी हे कपडे शिवले आहेत. कुर्ते दुहेरी मलमलीचे, बाह्या मात्र एकेरी. खांद्यावर बसतात, छातीखालून कळ्यांनी सुटतात आणि पोटरीच्या मध्यावर, चिखलाच्या वर थांबतात. भिजले तर पंख्याखाली वाळतील, इस्त्री मागणार नाहीत. योक आणि खिसे बस्तरच्या पाटाचे, आलच्या मुळीचा लाल. तो ढगाळ उजेडातही मंदावत नाही. कोशाची जॅकेटं सणाच्या घरात जाण्यासाठी आहेत: रंग मधाचा, हाताला किंचित खरबरीत, अंगापासून बोटभर दूर उभी राहणारी. त्यांना पावसापासून जपा, छत्री उघडा. मलमल भिजू द्या.’

यात ‘इस्त्री मागणार नाहीत’ हे मी लिहिलं ते तुझ्या मलमलीला चुणीदार पोत आहे म्हणून. सपाट मलमल असती तर ते वाक्य खोटं ठरलं असतं, कारण ती चुरगळतेच. आणि पाटाच्या लाल रंगाबद्दल काहीही लिहिण्याआधी ओलं पांढरं फडकं पाटावर दहा वेळा घास. फडक्याला लाली लागली तर तो भाग मलमलीच्या पांढऱ्या कुर्त्यावर लावूच नकोस, लिहिणं तर दूर. वाक्यांची चालही बघ: आधी वेळ, मग रोजचा कपडा, मग सणाचा, आणि जपण्याची सूचना शेवटी पण त्याच ओघात. धुण्याच्या सूचना वेगळ्या चौकटीत टाकल्या की कोणी वाचत नाही आणि डाग पडला की तुला फोन येतो.

किंमत, साइज, ऑर्डरची तारीख या पानावर नको. ते शेवटच्या पानावर. ‘मर्यादित’ हा शब्दही नको. कोशाची किती जॅकेटं आहेत तो आकडाच दे. झडीच्या दिवसांत हवा दमट असते, ताण्याला लावलेली खळ लवकर वाळत नाही आणि मागावरचं काम मंदावतं, त्यामुळे तीजेच्या आधी नवं ठाण हाती येईल असं गृहीत धरू नकोस.

छपाईला देण्याआधी पान तुझ्या मास्टरना वाचून दाखव. कपडा त्यांनी बेतला आहे. ‘कळी’ जिथे नाही तिथे तू कळी लिहिली असशील किंवा मुंढ्याचा सैलपणा चुकीचा सांगितला असशील, तर ते मशीनवरून मान न उचलता सांगतील. ते जिथे थांबवतील तिथे कपडा पुन्हा टेबलावर पसर, टेप लाव आणि वाक्य बदल.