इन्सिस्टनंतर गो की गोज? आधी मुलाला विचारा

पनवेलला माझ्याकडे येणाऱ्या नववीच्या एका मुलीने वहीत वाक्य लिहिलं होतं, ‘माय मदर इन्सिस्ट्स दॅट माय ब्रदर गोज टु ट्यूशन एव्हरी डे.’ मी सवयीने गोजवर लाल रेघ मारली आणि वर गो लिहिलं. इन्सिस्टनंतर मूळ क्रियापद, हे आपल्याला पाठच असतं ना!

ती वही घेऊन परत आली. ‘सर, आई सांगत नाहीये त्याला जायला. ती म्हणते तो रोज जातोच. मला माहितीये तो जात नाही.’

तिचं वाक्य बरोबर होतं. चूक माझी होती.

इन्सिस्टचे दोन अर्थ आहेत. एक, आग्रह धरणे, म्हणजे कोणीतरी काहीतरी करावं असं लावून धरणे. दुसरा, अमुक गोष्ट खरीच आहे असं ठासून सांगणे. पहिल्या अर्थात ‘माय मदर इन्सिस्ट्स दॅट ही गो’, म्हणजे त्याने जावं. दुसऱ्यात ‘दॅट ही गोज’, म्हणजे तो जातोच. गो आणि गोज यांत नुसता दोन अक्षरांचा फरक नाही, तर भाऊ ट्यूशनला जातो की नाही याचा फरक आहे!

मराठी मुलांना हे समजावणं सोपं जातं, कारण आपल्या व्याकरणात स्वार्थ आणि विध्यर्थ वेगळे आहेतच. मुलाला म्हणावं, आधी वाक्य मराठीत म्हण. ‘त्याने जावं’ आलं तर गो, ‘तो जातो’ आलं तर गोज. काळाच्या बाबतीतही दोन्ही भाषा इथे जुळतात. ‘आईचा आग्रह आहे की त्याने जावं’ आणि ‘आईचा आग्रह होता की त्याने जावं’, दोन्हीकडे ‘जावं’ तसंच राहतं. इंग्रजीतही ‘शी इन्सिस्टेड दॅट ही गो’ असंच होतं. इथे मुलं हमखास वेन्ट लिहितात, कारण मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर पुढचंही भूतकाळी, हा इनडायरेक्ट स्पीचचा नियम डोक्यात पक्का बसलेला असतो. पण ‘दॅट ही वेन्ट’ वाचणारा सहसा ‘तो गेला होता असं ती ठासून सांगत होती’ असं समजेल.

अजून शंका वाटली तर त्या जागी बी घालून पाहा. ‘आय इन्सिस्ट दॅट ही बी प्रेझेंट’ म्हणजे त्याने हजर राहावं. ‘दॅट ही इज प्रेझेंट’ म्हणजे तो हजर आहेच. नकारातही तसंच. आग्रहात ‘दॅट ही नॉट गो’, डझ नाही. कानाला विचित्र लागतं खरं, पण बरोबर आहे. आय, यू, वी, दे यांच्यासोबत मात्र गो दोन्ही अर्थांनी गोच राहतं, त्यामुळे तिथे रूपावरून काही कळत नाही. मागचापुढचा संदर्भच बघावा लागतो.

रेकमेंडचं काम त्यामानाने सरळ. ‘ठासून सांगणे’ हा अर्थ त्याला नाहीच. ‘द डॉक्टर रेकमेंडेड दॅट शी टेक रेस्ट’, म्हणजे तिने विश्रांती घ्यावी. इथे मुलीने टेक्स लिहिलं असतं तर अर्थ विचारायची गरज नव्हती.

म्हणून लगेच गुण कापायचा का? मी कापत नाही, खूण करून ठेवतो. अमेरिकन इंग्रजीत टेक हेच रूप रूढ आहे. ब्रिटिश इंग्रजीत शुड टेक खूप चालतं आणि टेक्ससुद्धा, विशेषतः बोलताना, ऐकू येतं. अमेरिकेतलं ते साधं रूप विसाव्या शतकात ब्रिटनमध्येही पुन्हा पसरलं. आपल्याकडे पुस्तकं दोन्हीकडची येतात, त्यामुळे मुलाने टेक्स कुठेतरी वाचलेलंही असू शकतं. लेखी परीक्षेसाठी मी टेक किंवा शुड टेक लिहायला सांगतो, म्हणजे कोणीही तपासलं तरी अडचण नाही.

मराठीची ही युक्ती एका ठिकाणी फसते, तेवढं सांगून ठेवतो. आपला ‘वा’ अंदाजासाठीही येतो. ‘चपला दिसत नाहीत, म्हणजे तो बाहेर गेला असावा.’ हेच सजेस्ट वापरून लिहिलं तर ‘द मिसिंग चप्पल्स सजेस्ट दॅट ही हॅज गॉन आउट’ असं होतं. इथे हॅजच हवं, हॅव नाही, कारण चपला कोणाला बाहेर जा म्हणून सुचवत नाहीत. म्हणून मुलाच्या तोंडून ‘असावा’ आलं की मी एक प्रश्न जास्त विचारतो : ‘हे कोणी कोणाला करायला सांगतंय का?’

त्या मुलीच्या वहीतली लाल रेघ मी खोडली. भावाचं पुढे काय झालं, ते तिने सांगितलं नाही.