बिलाच्या फोटोतून जीएसटी कसा काढायचा?

प्रश्न : तारापूर एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. बेअरिंगच्या बिलाचा फोटो पोऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यावर फक्त ‘एकूण ४,१३० रुपये, जीएसटी १८ टक्के धरून’ एवढंच दिसतं. मी १८ टक्के वजा केले, ७४३ रुपये ४० पैसे कर आला. अकाउंटंट म्हणतो, चुकलं. कुठे?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : अकाउंटंटचं बरोबर आहे. तुम्ही एकूण रकमेचे १८ टक्के काढलेत. कर लागतो तो मूळ किमतीवर. मूळ किंमत १०० धरली तर बिल ११८ चं होतं. म्हणून ४,१३० ला ११८ ने भागा, १०० ने गुणा : ३,५०० ही मूळ किंमत, उरलेले ६३० कर. ताळा सोपा आहे. ३,५०० वर १८ टक्के चढवले की ४,१३० परत येतात. तुमच्या ३,३८६.६० वर चढवून पाहा, बिल ३,९९६ वरच अडकेल.

दुकान पालघर-बोईसरचं असेल तर ६३० चे ३१५ केंद्राचे, ३१५ राज्याचे. माल वापीहून मागवला असेल तर सगळे ६३० आयजीएसटी. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत असेल तर महाराष्ट्र, २४ असेल तर गुजरात.

एकाच बिलात ५ आणि १८ टक्क्यांच्या वस्तू असतील, तर प्रत्येक दराची रक्कम वेगळी मिळाल्याशिवाय हा हिशेब करू नका. आणि हे आकडे वहीपुरतेच. कराचं क्रेडिट हवं असेल तर दुकानदाराकडून तुमच्या जीएसटी क्रमांकाचं पूर्ण टॅक्स इन्व्हॉइस मागवा आणि ते GSTR-2B मध्ये दिसतंय का, तेही पाहा.