दट्ट्यावर बाटली ठेवून पाहा

आईबाबांनो, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तुम्ही तो हात पाहिलाच असेल. पुठ्ठ्याचा किंवा सनबोर्डचा हात, त्याला चिकटवलेल्या सिरिंजा, रंगीत पाण्याने भरलेल्या नळ्या. मूल एक दट्ट्या दाबतं आणि समोरचा हात वर उठतो. वर फलक असतो : ‘पास्कलच्या नियमाने बल वाढवणारा हायड्रॉलिक हात’. आमच्या लेकीने सातवीत असताना असाच हात केला होता. मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक प्रेसच्या डायांचं डिझाइन करतो, त्यामुळे घरात कौतुक दुप्पट. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी तिला विचारलं, “बल किती पटीने वाढतंय गं?” ती म्हणाली, “बाबा, खूप!” मी हात उचलून पाहिला. दोन्ही टोकांना 10 मिलीच्याच सिरिंजा होत्या. म्हणजे बल एका पैशानेही वाढत नव्हतं. अंगठ्याचा जोर नळीतून पलीकडे पोहोचत होता, इतकंच.

त्या रात्री आम्ही फलक बदलला नाही, हात बदलला. तेव्हा जे केलं ते तुम्हालाही घरी जमेल, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी सामान. औषधाच्या दुकानातून नवी, सीलबंद, काळ्या रबराच्या टोकाची सिरिंज घ्या. एक 5 मिलीची, एक 20 मिलीची. सुई दुकानदारालाच परत करा. दवाखान्यातली वापरलेली सिरिंज कुणी फुकट देत असलं तरी मुलाच्या हाती देऊ नका. माशांच्या टाकीला हवा सोडतात ती पारदर्शक नळी फूटभर पुरते. नळीचं टोक क्षणभर गरम पाण्यात बुडवलं की सिरिंजच्या चोचीवर घट्ट बसतं. आत साधं पाणी भरायचं. पुष्कळ जण ‘दट्ट्या सुरळीत चालावा’ म्हणून खोबरेल किंवा मशीनचं तेल भरतात. तेलाने हे रबर फुगतं आणि दोनचार दिवसांत दट्ट्या जागीच अडकतो. कारखान्यातल्या प्रेसमध्ये तेल असतं, कारण तिथली सीलंच तेलात टिकणाऱ्या रबराची असतात.

आता गणित. मुलाला विचारा, 5 मिली आणि 20 मिली, मग बल किती पट? नव्वद टक्के मुलं ‘चारपट’ म्हणतील, आणि मोठेही. पण सिरिंजवर लिहिलेला आकडा आत मावणाऱ्या पाण्याचा आहे आणि बल ठरतं दट्ट्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर. 20 मिलीची सिरिंज जाडही असते आणि लांबही. तिच्या जास्तीच्या पाण्यातला काही वाटा नुसत्या लांबीने व्यापलेला असतो, त्याचा बलाशी काही संबंध नाही.

क्षेत्रफळ काढायला व्हर्निअर कॅलिपर लागत नाही, कंपासपेटीतली पट्टी पुरते. सिरिंजवर शून्यापासून शेवटच्या रेघेपर्यंतची लांबी मोजायची. एक मिली म्हणजे एक घन सेंटीमीटर, म्हणून आकारमानाला लांबीने भागलं की क्षेत्रफळ हातात येतं. आमच्या 5 मिलीच्या सिरिंजवर ही लांबी 4.2 सेंटीमीटर भरली, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ 1.2 चौरस सेंटीमीटर. 20 मिलीवर ती 6.6 भरली, म्हणजे क्षेत्रफळ 3 चौरस सेंटीमीटर. गुणोत्तर आलं अडीच. चार नव्हे. तुमची सिरिंज दुसऱ्या कंपनीची असेल तर आकडा थोडा वेगळा येईल, म्हणून तो मुलालाच मोजू द्या.

पाणी भरताना घाई नको. दोन्ही सिरिंजा आणि नळी बादलीत पाण्याखाली धरून जोडल्या तर हवा आत शिरत नाही. तरी एखादा बुडबुडा राहतोच. तो ओळखायची एक खूण आम्ही कारखान्यातही वापरतो. मोठा दट्ट्या कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि लहान दट्ट्या दाबा. दट्ट्या आत जाऊन सोडल्यावर उसळून बाहेर आला, तर आत हवा आहे. दाबून धरला असताना तो हळूहळू आतच सरकत राहिला, तर कुठेतरी गळती आहे. जागचा हलला नाही, तर काम चोख झालं. मिलीभर हवा काय करते ते पाहा. 5 मिलीच्या दट्ट्यावर 1.2 किलो जोर दिला की आतला दाब चौरस सेंटीमीटरला एक किलोने वाढतो. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळात साधारण इतकाच दाब देतं. एवढ्या दाबाने ती हवा आकसून निम्मी होते आणि दट्ट्याचे चार मिलिमीटर तिच्यातच खर्ची पडतात. पलीकडे काहीच हलत नाही. (जोर मी किलोतच सांगतोय, न्यूटन शाळेत येतीलच.)

यानंतर हाताकडे वळण्याआधी एक प्रयोग नक्की करा. माझ्या मते सगळ्या उपद्व्यापातला हाच भाग मोलाचा आहे. दोन्ही सिरिंजा एका फळीला उभ्या बांधा, दट्टे वरच्या बाजूला. दट्ट्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या चकत्या चिकटवा. लहान दट्ट्यावर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ठेवा, म्हणजे एक किलो. बाटली कलंडू नये म्हणून मुलाने दोन बोटांचा नुसता आधार द्यावा, दाबू नये. मोठ्या दट्ट्यावर मोठी रिकामी बाटली ठेवून तीत कपाकपाने पाणी ओतत जा. गणित सांगतं, अडीच किलोला तोल साधेल.

आमचा असा साधला नाही. मोठ्या दट्ट्यावर 1.7 किलो होईपर्यंत लहान बाटली त्याला वर ढकलत होती. पुढे दोन्ही गप्प. ओतत राहिलो तरी गप्प. 3.2 किलो झाल्यावर मोठा दट्ट्या खाली बसू लागला आणि लहान बाटली वर निघाली. लेक रडवेली झाली, “बाबा, पास्कल चुकला.” मी तिला दोन्ही आकड्यांची सरासरी काढायला सांगितली. आली 2.45. रबर नळकांड्याला घासतं आणि ते घर्षण नेहमी हालचालीच्या उलट बाजूने लढतं. वर जाताना वजन कमी उचलू देतं, खाली येताना जास्त वजन पेलून धरतं. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये असतो. सिरिंज अनेकदा धुतली, रबरावरचा मूळचा गुळगुळीतपणा गेला की हा मधला गप्प पट्टा रुंद होत जातो, आणि तेव्हा सिरिंज बदलायची वेळ झालेली असते. जोसेफ ब्रामाने 1795 साली इंग्लंडात हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. पास्कलचा नियम तोवर शंभराहून जास्त वर्षं पुस्तकात होता. प्रेस प्रत्यक्ष चालवताना खरी झुंज पडली ती दट्ट्याभोवतीच्या सीलची.

आता हात. इथे एक गोष्ट अशी आहे की जी प्रदर्शनातला फलक सांगत नाही. आमच्या हाताची लांबी बिजागरीपासून आकड्यापर्यंत 24 सेंटीमीटर होती आणि 20 मिलीची सिरिंज बिजागरीपासून 4 सेंटीमीटरवर जोडलेली. चिमट्यासारखी ही तिसऱ्या प्रकारची तरफ झाली : बल टेकूजवळ, भार लांब. सिरिंजने मिळवलेलं बल इथे सहाने भागलं जातं. अंगठ्याने दोन किलो जोर दिला, तर मोठ्या दट्ट्यापाशी पाच किलो यायला हवेत. घर्षण जाऊन साधारण 4.2 उरतात. त्याला सहाने भागलं की टोकाशी 0.7 किलो. त्यातही हाताचं स्वतःचं वजन वजा जातं. म्हणजे ‘बल वाढवणारा हात’ टोकाशी अंगठ्यापेक्षा कमीच जोर लावतो!

मग गेलं कुठे? तो हिशेब लेकीने वहीत मांडला. लहान दट्ट्या 42 मिलिमीटर आत गेला की मोठा साडेसोळा मिलिमीटर सरकतो, आणि हाताचं टोक त्याच्या सहापट, म्हणजे सुमारे 100 मिलिमीटर उठतं. अंगठ्याकडून गेले 2 गुणिले 42, म्हणजे 84. टोकाला मिळाले 0.7 गुणिले 100, म्हणजे 70. उरलेले 14 घर्षणाने खाल्ले. मग तिने सिरिंजचा जोड 4 वरून 8 सेंटीमीटरवर नेला. टोकाचा जोर दुप्पट झाला आणि उंची निम्मी, 50 मिलिमीटर. हात जास्त उचलणारा हवा की जास्त उंच जाणारा, हे त्या एका भोकाच्या जागेवर ठरतं. मशीनचं डिझाइन करणारा दिवसभर बसून अशीच जागा ठरवत असतो.

जेसीबीचा हात जवळून पाहा. त्याचाही सिलिंडर बिजागरीच्या जवळच असतो, तोही बल गमावून पल्ला कमावतो. त्याला ते परवडतं, कारण आतला दाबच प्रचंड असतो. आमच्या शॉपमधल्या प्रेसला हात नाही, नुसता सरळ दट्ट्या आहे. त्याचा व्यास 250 मिलिमीटर. तेलाचा दाब चौरस सेंटीमीटरला 210 किलो. क्षेत्रफळ काढून गुणून पाहा, शंभर टनांच्या वर आकडा जातो.

हात बांधताना मुलं सिरिंज गरम गोंदाने पक्की चिकटवतात, तिथे घोटाळा होतो. हात वर जाताना दट्ट्याची दिशा बदलत असते. सिरिंजला वळायला जागा नसेल तर दट्ट्या वाकतो आणि अडतो, आणि मग मूल आणखी जोराने दाबतं. सिरिंज केबल टायने एका पट्टीला बांधा आणि पट्टी नट-बोल्टवर सैल फिरू द्या. सिरिंज हाताला अगदी लगटून आडवी ठेवू नका. सिरिंज आणि हात यांच्यातला कोन 30 अंशांचा असेल तर निम्माच जोर कामी येतो. म्हणून असे हात सुरुवातीलाच अडतात आणि एकदा उठले की सुसाट जातात. अजून एक. लहान सिरिंजवर मोठ्या माणसाने सगळी ताकद लावली की नळी चोचीवरून सुटते आणि पाणी थेट तोंडावर येतं. तेव्हा जोर मुलालाच लावू द्या, आणि त्याचे डोळे नळीच्या रेषेत नकोत.

तुम्हाला एकच विनंती आहे. तयार किट आणलं तरी हरकत नाही, पण प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तुम्ही स्वतः बसून ते जोडू नका. आणि मूल हात दाखवायला आलं की ‘चालतो का?’ असं न विचारता ‘अंगठ्यावर किती, टोकाला किती, आणि उंची किती?’ असे तीन आकडे विचारा. लेकीने शेवटी फलकावर ‘बल वाढवणारा’ हे शब्द खोडले आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं : ‘अंगठा 2 किलो, 42 मिमी. टोक 0.7 किलो, 100 मिमी.’