चार टक्के वाढ झाली का?

जिल्हा परिषदेच्या एका बैठकीत आमच्या पाहणीचा आकडा पडद्यावर होता. दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकणारी पाचवीची मुलं गेल्या वर्षी ४२ टक्के, यंदा ४६. दोन्ही वर्षी ४०० मुलं तपासलेली. खाली बारीक अक्षरांत `95% CI` आणि दशांश चिन्हांची रांग होती. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. इतिवृत्तात 'वाचनात वाढ' अशी नोंद झाली आणि तालुकावार तक्त्यात तळाला आलेल्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून खुलासा मागवला गेला. त्या तालुक्यातली जेमतेम ५० मुलं पाहणीत होती. तेवढ्यांवरून काढलेला आकडा १४ टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. त्यावरून कुणाला तळाला बसवणं हा अन्यायच होता.

म्हणून आता मी ती ओळ स्लाइडवर ठेवतच नाही. त्याऐवजी साधं वाक्य लिहितो: 'जिल्ह्यातल्या दर १०० मुलांपैकी साधारण ४१ ते ५१ मुलं वाचू शकत असावीत.' उंच स्तंभ काढत नाही, कारण नजर त्याच्या टोकावरच थांबते. ४१ ते ५१ असा आडवा पट्टा काढतो आणि मधे एक ठिपका देतो. तालुक्यांचे आकडे मागितलेच, तर तेही अशाच पट्ट्यांनी दाखवतो. पट्टे एकमेकांवर इतके चढलेले दिसतात की क्रमांक लावायचा विषय सहसा निघत नाही.

"ते ठीक आहे, पण वाढ झाली की नाही तेवढं सांगा," असं साहेब हमखास विचारतात. इथे जपून बोलावं लागतं. दोन वर्षांचे पट्टे एकमेकांवर आले म्हणजे फरक नाही, असं पटकन सांगून टाकण्याचा मोह होतो. ते चूक आहे. यंदा ५० टक्के आले असते तरी पट्टे एकमेकांवर आलेच असते, पण ती वाढ खरी मानता आली असती. फरकाची स्वतःची त्रुटीमर्यादा काढावी लागते. दोन्हीकडे ४०० मुलं असतील तर ती सुमारे ७ येते. म्हणजे ८ची वाढ जेमतेम तिच्याबाहेर पडते, ४ची पडत नाही. मी उत्तर देतो, "साहेब, शंभरात ११ मुलं वाढलेली असू शकतात, ३ घटलेलीही असू शकतात. या पाहणीवरून वाढ झाली असं म्हणता येणार नाही." मुलं मोजक्याच शाळांतून निवडली असतील तर ही मर्यादा आणखी रुंदावते, कारण एका शाळेतली मुलं बरीचशी सारखीच वाचतात.

पट्ट्यात न मावणारी एक गोष्ट मात्र तोंडी सांगावीच लागते. पाहणीच्या दिवशी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं वर्गात नसतात. ४००च्या जागी १६०० मुलं तपासली तर पट्टा निम्मा होईल, पण ही मुलं त्यात येणार नाहीत. त्यामुळे पटावर किती आणि हजर किती, हे दोन आकडे मी त्याच स्लाइडवर, पट्ट्याइतक्याच ठळक अक्षरांत देतो.