'बुधा'सारखं दुसरं काय वाचू?

गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' वाचून संपवली आणि मी ग्रंथालयात जाऊन एवढंच म्हणालो, "असंच आणखी एखादं द्या." त्यानंतर बराच काळ मला एकापेक्षा एक चांगली पुस्तकं मिळत गेली, पण हवं होतं ते त्यांतल्या एकातही नव्हतं. मावळातल्या माणसाला हे पुस्तक लवकर हाती लागतं. गोनीदा तळेगाव दाभाड्याचे रहिवासी, आणि बुधाची राजमाची लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे चालत गाठता येते. पुस्तकाचा मुलूखच ओळखीचा असल्यामुळे त्यातलं नेमकं काय आवडलं, हा प्रश्न मनात येत नाही. आवडलं, एवढं पुरेसं वाटतं. पुढचं पुस्तक शोधायची वेळ आली की मात्र तेवढ्यावर भागत नाही.

मला जी पुस्तकं सुचवली गेली त्यांत सुचवणाऱ्यांचा दोष नव्हता. पहिल्यांदा गोनीदांचीच इतर पुस्तकं आली : 'शितू', 'पडघवली', 'जैत रे जैत'. मग किल्ल्यांची पुस्तकं, मग ग्रामीण कादंबऱ्या, मग निसर्गावरचं ललित लेखन. लेखक, विषय आणि प्रकार या तीनच खुणा पुस्तकाच्या पाठीवर दिसतात, म्हणून शोधही त्यांच्याच मागे जातो. ग्रंथालयातली मांडणीही तशीच असते. दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरीचा क्रमांक 891.463, आणि त्या कपाटात पुढची रचना लेखकाच्या नावाने. एकट्या म्हाताऱ्याच्या कादंबऱ्यांचं किंवा संथ चालणाऱ्या पुस्तकांचं कपाट कुठेच नसतं. आपली आवड मात्र बहुतेक वेळा अशाच गोष्टींत असते.

वाचकांना पुस्तकं सुचवण्याचं काम आयुष्यभर केलेल्या ग्रंथपालांनी यावर पुष्कळ विचार केला आहे. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल म्हणतात की पुस्तकात शिरायचे दरवाजे चार : कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही असतात, पण एखादा मोठा असतो. वाचक ज्या दरवाजातून आत गेला, तोच दरवाजा मोठा असलेलं पुस्तक त्याला पुन्हा आवडायची शक्यता जास्त. जॉइस सॅरिक्स यांनी यात आणखी एका गोष्टीवर भर दिला, ती म्हणजे गती. पुस्तक पळतं की रमतगमत जातं, हे वाचकाला विषयापेक्षाही जास्त जाणवतं, फक्त ते तो शब्दांत सांगत नाही. हे समजल्यावर मी 'का आवडलं' हा प्रश्न बाजूला ठेवला. त्याचं उत्तर बहुधा खोटं येतं. माणूस 'भाषा छान आहे', 'निसर्ग सुंदर रंगवलाय' असं काहीतरी बोलून जातो, आणि पुढचा शोध त्या शब्दांच्या मागे भरकटतो.

त्याऐवजी दोन कामं करायची. पहिलं, पुस्तक न उघडता कुणाला तरी ते सांगायचं, आणि आपण सुरुवात कुठून करतो ते बघायचं. मी 'बुधा' सांगायला घेतलं तेव्हा किल्ल्याचं नाव बऱ्याच उशिरा आलं. पहिलं वाक्य होतं, "एक म्हातारा मुंबई सोडून आपल्या माचीवर परत येतो आणि एकटा राहतो." दुसरं वाक्य जनावरं, पाखरं आणि झाडांबद्दलचं, कारण त्याची सोबत तीच. पुढे काय घडतं ते मी जवळजवळ सांगितलंच नाही. म्हणजे माझा दरवाजा कथानकाचा नव्हता, हे तिथेच कळलं.

दुसरं काम पुस्तक उघडून करायचं. कुठलीही दहा पानं घ्यायची आणि पेन्सिलीने समासात साध्या खुणा करायच्या : पानावर माणसं किती, संवाद किती, पानभरात वेळ किती पुढे सरकला, आणि हे सगळं कुणाच्या नजरेतून दिसतं. आवडत्या वाक्यांखाली रेघा मारायच्या नाहीत, कारण त्या पुस्तक किती सुंदर आहे एवढंच सांगतात. आपण कुठे रेंगाळलो ते शोधायचं. मी रेंगाळत होतो ती पानं वर्णनांची नव्हती. म्हातारा काहीतरी काम करतोय, शेजारी एखादं जनावर आहे, आणि दोघांत बरोबरीचं नातं आहे, अशी ती पानं होती.

आता माझ्याकडे अंदाज होता, पण तो पुस्तकांवर घासून बघायला हवा होता. पद्धत साधी आहे. एक गोष्ट तीच ठेवायची आणि बाकीच्या बदलायच्या.

आधी लेखक आणि मुलूख तोच ठेवला : 'पवनाकाठचा धोंडी'. तीही मावळातली, तुंग किल्ल्याच्या पायथ्याची. पुस्तक आवडलं, पण ते माणसामाणसांतल्या ओढाताणीवर उभं आहे, आणि मला हवी होती ती शांतता त्यात नव्हती. म्हणजे मावळ किंवा गोनीदांची लेखणी एवढ्याने माझं काम होत नव्हतं. मग गाव आणि ऋतू ठेवले, लेखक बदलला : व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', 1955 सालची. माणदेशातली मेंढपाळांची वस्ती, संथ गती, शेवटी दुष्काळाने वाडी उठणं. पुष्कळ जवळ गेलो, तरी काहीतरी खटकत राहिलं. ते असं होतं की बनगरवाडीची गोष्ट तिथे नोकरीला आलेला तरुण मास्तर सांगतो. तो बाहेरून येतो, वस्तीकडे कुतूहलाने बघतो आणि शेवटी निघून जातो. बुधा माचीचाच आहे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'आरण्यक' या बंगाली कादंबरीतही असंच वाटलं. जंगल अप्रतिम आहे, पण ते दिसतं जमीन वाटून द्यायला आलेल्या कारभाऱ्याच्या डोळ्यांनी. नजर आतली की बाहेरची, हा फरक माझ्यासाठी निर्णायक होता, आणि तो मला नुसता विचार करून कधीच सापडला नसता. दोन जवळपास जुळणारी पुस्तकं शेजारी ठेवल्यावरच तो दिसला.

शेवटी मुलूख, भाषा, देश सगळं सोडलं आणि फक्त गाभा ठेवला : एकटा म्हातारा, त्याचं रोजचं काम, आणि ज्याच्याशी तो बोलतो असा एक प्राणी. हाती आलं 'एका कोळियाने', हेमिंग्वेच्या 1952 सालच्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला अनुवाद. 84 दिवस मासा न मिळालेला क्यूबातला म्हातारा समुद्रात एकटा जातो आणि गळाला लागलेल्या प्रचंड माशाशी झुंजता झुंजता त्याच्याशी बोलतो. त्यात डोंगर नाही, माची नाही, मराठी मुलूख नाही, आणि तरी सुरुवातीच्या पानांतच मला कळलं की हेच हवं होतं. कुठल्याही कपाटात ही दोन पुस्तकं शेजारी लागली नसती.

हा निष्कर्ष मात्र माझ्यापुरताच आहे. ओळखीतल्या एका तरुणाने, जो पावसाळ्यात राजमाचीला जाऊन उधेवाडीत मुक्काम करतो, 'बुधा' वाचून मला विचारलं, "काका, असं दुसरं काय आहे?" माझ्या शोधाच्या भरात मी त्याला 'एका कोळियाने' दिलं असतं तर ते अर्ध्यात परत आलं असतं. मी त्याला पुस्तक सांगायला लावलं. त्याने श्रीवर्धन आणि मनरंजनपासूनच सुरुवात केली, मग माचीवरचा पाऊस, धुकं, वाटा. बुधा त्याच्या सांगण्यात नंतर आला. त्याचा दरवाजा परिसराचा होता. त्याला मी गोनीदांचीच 'दुर्गभ्रमणगाथा' आणि 'पवनाकाठचा धोंडी' सुचवली, आणि दोन्ही त्याने आवडीने वाचली. जे 'धोंडी' माझ्यासाठी चुकीच्या दिशेचं होतं, ते त्याच्यासाठी नेमकं ठरलं. म्हणून 'हे वाचलंत तर तेही आवडेल' अशा तयार याद्यांकडे जपून बघावं. त्यांत दोन पुस्तकांतलं साम्य असतं, पण वाचणारा कुठून आत शिरला हे त्यांना ठाऊक नसतं.

एखादं पुस्तक जुळत नसेल तर ते किती रेटावं? नॅन्सी पर्ल यांचा नियम आहे की 50 पानं वाचावीत आणि मग सोडायचं की नाही ते ठरवावं. वय 50 च्या वर असेल तर शंभरातून वय वजा करावं आणि उरतील तेवढी पानं वाचावीत. आपल्याकडच्या दीडशे पानांच्या कादंबरीला मला पहिली तीसच पुरेशी वाटतात. सोडताना मात्र 'आवडलं नाही' एवढ्यावर थांबू नये. काय कमी पडलं किंवा काय जास्त झालं, ते एका ओळीत लिहून ठेवावं. न जुळलेलं पुस्तक शोधात सगळ्यात जास्त माहिती देतं. 'बनगरवाडी'ने मला जे सांगितलं ते 'बुधा'ने स्वतः सांगितलं नव्हतं.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, ती आधीच तपासून घ्यावी. कधीकधी आपल्याला पुस्तकापेक्षा ते वाचतानाचे दिवस आवडलेले असतात : पहिल्या नोकरीतले, आजारपणातले, कुणाच्या सहवासातले. ओळखायचं कसं? तेच पुस्तक पुन्हा घ्यावं आणि मधलीच वीस पानं वाचावीत. पानावरची माणसं आणि वाक्यं आजही धरून ठेवत असतील तर शोध जरूर करावा. मन पानावरून सारखं त्या दिवसांकडे जात असेल, तर तसं दुसरं पुस्तक कुठल्याच कपाटात मिळणार नाही, आणि नव्या पुस्तकांना त्याबद्दल नापास करणं अन्यायाचं होईल.

एवढं झालं की ग्रंथालयात जाताना पुस्तकाचं नाव एकटं नेऊ नये. सोबत एक वाक्य न्यावं, ज्यात एक हवी असलेली गोष्ट, एक नको असलेली आणि एक चालेल अशी असेल. माझं वाक्य असं होतं : "माणसं कमी असलेली, संथ चालणारी, तिथल्याच माणसाच्या नजरेतली कादंबरी द्या, बाहेरून आलेला निवेदक नको, कुठल्याही देशातली, अनुवादित असली तरी चालेल." काउंटरवरच्या माणसाने 'बुधा' वाचलेलं नसलं तरी या वाक्यावर तो विचार करू शकतो. "असंच आणखी एखादं द्या" यावर मात्र त्याला लेखकाच्या नावाच्या कपाटाकडे बोट दाखवण्यापलीकडे काही करता येत नाही.