तांबे रक्तात कमी, तरी यकृतात जास्त?

सतरा वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. थकवा येतो म्हणून रक्त तपासले, तर एसजीपीटी 118. चार महिन्यांनी पुन्हा तपासले, तरी तेवढेच. कावीळ बी आणि सी नाही, दारू नाही, वजनही बेताचे. अशा वेळी आपण डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : विल्सन आजाराची तपासणी झाली का?

या आजारात जन्मापासूनच यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठते, पुढे मेंदूत आणि डोळ्यांतही जाते.

पहिली तपासणी सेरुलोप्लाझ्मिनची. हे रक्तातले तांबे वाहून नेणारे प्रथिन आहे. साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम असते. या मुलाचे 14 आले. रक्तातले एकूण तांबेही कमीच आले. घरचे म्हणाले, तांबे कमी आहे, मग तांबे साठण्याचा आजार कसा? इथेच गफलत होते. रक्तातले बहुतेक तांबे या प्रथिनातच असते. प्रथिन कमी, म्हणून एकूण आकडा कमी. साठा मात्र यकृतात वाढलेलाच असतो.

उलटही घडते. अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असेल, गरोदरपण असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर सेरुलोप्लाझ्मिन वाढते आणि आजार असूनही आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून एकाच आकड्यावर निकाल लावू नये.

पुढची तपासणी 24 तासांच्या लघवीतल्या तांब्याची. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी लॅबने दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्येच जमा करायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी धरून थांबायचे. घरातले धातूचे भांडे वापरले तर आकडा खोटा वाढू शकतो. एक वेळची लघवी सांडली तर खोटा कमी येतो. आपल्या मुलाचे 168 मायक्रोग्रॅम आले. 100 च्या वर गेले की संशय बळावतो.

नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पने पाहिले, तर बुबुळाच्या कडेचे तपकिरी कडे दिसले नाही. फक्त यकृतावर परिणाम झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत ते नसते, म्हणून आजार नाही असे ठरत नाही. अखेर जनुक तपासणीत दोन्ही बाजूंचा दोष सापडला आणि निदान पक्के झाले.

आई आणि वडील दोघांकडून एकेक दोष आला की हा आजार होतो. त्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता असते. नात्यातल्या लग्नांत, मामेबहीण-आतेभावाच्या लग्नांतही, हा धोका वाढतो. भावंडे ठणठणीत दिसली तरी त्यांची तपासणी करून घ्यावी.

औषध आहे : पेनिसिलामाइन, ट्रायंटीन किंवा झिंक. पण ते जन्मभर घ्यायचे असते. बरे वाटते म्हणून मध्येच सोडले, तर यकृत अचानक निकामी होऊ शकते.