आजोबा पुन्हा ‘जय भीम’ म्हणतात तेव्हा

संध्याकाळचे साडेपाच. सून कामावरून येते. ओट्यावर बसलेले सासरे हात जोडतात आणि म्हणतात, “जय भीम सूनबाई, आलीस का? माहेरी सगळे बरे ना?” ती म्हणते, “जय भीम बाबा, सगळे बरे.” पिशवी आत ठेवून ती कळशी घेऊन नळावर जाते. परत येते तर पुन्हा, “जय भीम सूनबाई, आलीस का? माहेरी सगळे बरे ना?” ती उत्तर देते. तिसऱ्या वेळेला तिचा आवाज चढतो, “बाबा, आत्ताच सांगितलं ना!” चौथ्या वेळेला शाळकरी नातू हसतो, “आजोबा, चार वेळा झालं तुमचं.” आजोबा गप्प होतात. रात्री ताट पुढे आलं की “मला नको” म्हणून तोंड फिरवतात.

आमच्या वस्तीतल्या एका घरातला हा प्रसंग आहे. आजोबांना वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी सुरुवातीचा स्मृतिभ्रंश सांगितला होता. घरच्यांची तक्रार दोन गोष्टींची होती. एक, बाबा तेच तेच बोलतात. दुसरी, रात्री जेवत नाहीत. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

आधी तेच तेच का होतं ते पाहू. मेंदूत, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. नुकतं घडलेलं साठवून ठेवायला तो लागतो. अल्झायमर या आजारात, आणि स्मृतिभ्रंशाचं हेच सर्वांत मोठं कारण आहे, बहुधा सुरुवातीलाच या भागाला इजा होते. त्यामुळे पाच मिनिटांपूर्वी सून भेटली, बोलली, हे आत उमटतच नाही. पण आयुष्यभर घातलेला जय भीम, घरी आलेल्याची विचारपूस, हात जोडणं या सवयी मेंदूत इतरत्र रुजलेल्या असतात आणि त्या बराच काळ शाबूत राहतात. म्हणजे आजोबांच्या दृष्टीने सून प्रत्येक वेळी पहिल्यांदाच दारात आलेली असते, आणि आलेल्या माणसाला जय भीम घालणं हे त्यांचं वागणं अगदी बरोबर असतं. “आत्ताच सांगितलं” हे वाक्य त्यांना खरं वाटूच शकत नाही. आपल्याला उगाच रागावलं, एवढंच त्यांना कळतं.

आणि ते रागावणं मागे उरतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमर झालेल्या १७ जणांना त्यांनी दुःखी आणि आनंदी चित्रपटांतले तुकडे दाखवले. थोड्या वेळाने काय पाहिलं ते बहुतेकांना नीट सांगता येईना, पण मनाची उदासी किंवा आनंद मात्र टिकून होता. ज्यांना कमी आठवत होतं त्यांची उदासी उलट जास्त वेळ टिकली. आता त्या घरातलं ताट आठवा. सहा वाजता नातू हसला हे आजोबा विसरले, पण अपमान झाल्याची भावना आठ वाजताही गेली नसेल. ती कशामुळे आली हे ठाऊक नसलं की माणूस ती जेवणावर काढतो.

त्या सुनेने पुढे काय केलं ते सांगते. पहिलं म्हणजे ती चालता चालता, पाठमोरी उत्तर देत होती, ते थांबवलं. ती समोर येऊन थांबते, ते बसलेले असतील तर थोडं वाकते, म्हणजे नजर जुळते. मग “जय भीम बाबा, मी तुमची सून, आत्ता कामावरून आले. माहेरी सगळे बरे आहेत,” एवढं सावकाश म्हणते. नातं स्वतःच सांगायचं, त्यांना ओळखायला लावायचं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच उत्तर, त्याच सुरात. शब्द बदलले नाहीत तरी चालतात. सूर बदलला की मात्र त्यांना लगेच कळतं.

दुसरं, तिने चार दिवस नुसतं लक्ष ठेवलं. ही विचारपूस दुपारी फारशी होत नव्हती. साडेपाच ते सात या वेळात, ती आतबाहेर करत असताना, सगळ्यात जास्त होती. पुढून गेलेलं माणूस पुन्हा आलं की ते नवीन आलेलं वाटणारच. शिवाय आजोबा ओट्यावर एकटे होते आणि त्यांना कोणाशी तरी बोलायचं होतं. म्हणून ती आता दुसरं उत्तर देताना म्हणते, “चला बाबा, जरा मेथी निवडून द्या.” आणि त्यांना आपल्या शेजारी बसवते. हात कामात, माणूस नजरेसमोर. सात-आठ वेळा होणारा जय भीम तीन-चार वेळांवर आला. बंद झाला नाही, होणारही नाही. जेवण मात्र बहुतेक दिवस नीट होतं.

वस्तीत येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही सांगावं लागलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसासमोर उभं राहून “ओळखलं का? सांगा बरं मी कोण?” असं विचारायची फार हौस. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला ती चारचौघांत घेतलेली परीक्षा वाटते. त्याऐवजी “जय भीम काका, मी पलीकडच्या गल्लीतला, तुमच्या मुलाचा मित्र,” असं म्हणावं. त्यांनी चुकीच्या नावाने हाक मारली तरी ओ द्यावी. नातवाला ते कधी कधी आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारतात. “तो तर गेला ना” असं म्हटलं तर मरणाची बातमी त्यांच्यासाठी आज पहिल्यांदाच आलेली असते. नातू आता “जय भीम” म्हणून जवळ बसतो आणि विचारतो, “लहानपणी तुम्ही दोघं काय खेळायचा?” जुनं बोलायला त्यांना आवडतं.

चूक न काढण्यालाही मर्यादा आहे. गोळी घेतलेली असताना “मी घेतलीच नाही” म्हणून ते दुसरी मागतील, तर हो म्हणायचं नाही. वादही घालायचा नाही. गोळ्यांचा डबा दुसऱ्याच्या ताब्यात, नजरेआड ठेवायचा आणि “जेवणानंतर बघू या” म्हणून विषय बदलायचा.

आणि दिवसभर काम करून आलेली बाई दहाव्यांदा त्याच सुरात बोलू शकत नाही, हेही खरं. त्या घरात मुलगा सहा ते सात त्यांच्याजवळ बसतो, तेवढा वेळ तिला सुट्टी. सगळा जय भीम सुनेनेच का घ्यायचा? कधी तोंडून तुटक शब्द गेलाच तर खुलासे करत बसू नये. क्षणभर आत जाऊन यावं, समोर येऊन हात जोडावेत आणि स्वतःच पहिला जय भीम घालावा.

तुमच्या घरी हे नुकतं सुरू झालं असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइडचा त्रास, मनाची उदासी यांनीही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. ऐकू कमी येत असेल तर दिलेलं उत्तर पोचतच नाही, म्हणून कानही तपासून घ्या. आणि कालपर्यंत नीट जय भीम घालणारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक गोंधळलं, असंबद्ध बोलू लागलं किंवा सारखं झोपून राहू लागलं, तर तो स्मृतिभ्रंश वाढला असं समजू नका. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं किंवा नवीन सुरू केलेलं औषध असं काही त्यामागे असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत घ्या.